चष्म्यातली चमक घालवायला दिवा वर, मॉनिटर मंद: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मी कोथरूडमधल्या घरातून आठवी ते दहावीच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवते. समोर चोवीस इंची मॉनिटर, त्यावर पांढरा डिजिटल फळा आणि मॉनिटरच्या वरच्या कडेला वेबकॅम. चष्म्याचा नंबर उणे तीनच्या आसपास. मुलांना माझे डोळे दिसायचेच नाहीत, प्रत्येक काचेत एक पांढरा चौकोन आणि वर दिव्याचा ठिपका. मी कुणाकडे बघून प्रश्न विचारते आहे हे मुलांना कळत नसेल तर तास निम्मा वाया जातो. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत दिव्याची जागा आणि मॉनिटरचा ब्राइटनेस दोन्ही बदलले. आता पावसाळा संपला, दिवाळी जवळ आली, आणि ही मांडणी रोजच्या वापरात टिकली आहे.

आधी कोणती चमक कशाची आहे ते ओळखावं लागतं. कॅमेरा चालू ठेवून एकेक दिवा बंद करा. जी चमक गेली ती त्या दिव्याची. सगळे दिवे बंद केल्यावरही जी उरते ती स्क्रीनची, आणि ती ओळखायला सोपी असते, कारण तिला कोपरे असतात. फळ्यावर काही सरकवलं की तीही काचेत हलते. माझ्याकडे तीन चमका निघाल्या: मॉनिटरच्या वर लावलेला एलईडी दिवा, समोरच्या भिंतीवरची ट्यूबलाइट (काचेत आडवी पांढरी रेघ) आणि स्क्रीन. ट्यूब तासाच्या वेळी बंद ठेवते, तिचा प्रश्न तिथेच मिटला.

दिव्याचा इलाज कोनात आहे. प्रकाश काचेवर ज्या कोनात पडतो त्याच कोनात परततो, हे शाळेतलंच. मात्र चष्म्याची काच सरळ उभी नसते. फ्रेम नाकावर बसते तेव्हा काचेचा खालचा भाग गालाकडे आठ-दहा अंश झुकलेला असतो. त्यामुळे डोळ्यांच्या उंचीवरचा कॅमेरा काचेत जे बघतो ते समोरचं नसून त्याच्या दुप्पट, म्हणजे साधारण सोळा ते वीस अंश खालचं असतं. शिवाय काच फुगीर असल्यामुळे या दिशेच्या वर-खाली बराच पट्टा तिच्यात मावतो. दिवा या पट्ट्याच्या वर नेला की त्याची चमक कॅमेऱ्याकडे न येता छातीकडे, टेबलाकडे निघून जाते.

किती वर न्यायचा हे मी हिशोबाने न ठरवता लेकीला मोबाइलचा टॉर्च धरायला सांगून ठरवलं. मी नेहमीसारखी बसले, कॅमेऱ्याचं चित्र मोठं करून ठेवलं आणि ती टॉर्च मॉनिटरपासून हळूहळू वर नेत गेली. काचेतला ठिपका वर सरकत फ्रेमच्या कडेशी आला आणि नाहीसा झाला. पण एक फिका, लहान ठिपका मागे राहिला. तो काचेच्या आतल्या बाजूचा. उणे नंबरच्या काचेची आतली बाजू जास्त खोलगट असते, ती आणखी वरचाही प्रकाश पकडते. तोही जाईपर्यंत टॉर्च माझ्या डोळ्यांपासून पंचेचाळीस अंशांच्या जवळपास पोचला होता. म्हणजे दिवा चेहऱ्यापासून दोन फूट पुढे असेल तर डोळ्यांच्या पातळीपासून जवळजवळ दोन फूट वर. टेबलाला लावायचा दिव्याचा दांडा एवढा उंच जात नाही. मी तपकीर गल्लीतून क्लॅम्पचा एलईडी दिवा आणला आणि डावीकडच्या पुस्तकांच्या मांडणीला वरच्या फळीवर लावला. त्यामुळे तो थोडा बाजूलाही गेला, ते चांगलंच झालं.

याहून वर मात्र नेऊ नका. दिवा फार वर गेला की फ्रेमच्या वरच्या काडीची सावली बरोबर डोळ्यांवर पडते आणि भुवयांखाली अंधार होतो. चमक गेली तरी डोळे दिसत नाहीतच. जाड फ्रेमला हे लवकर होतं. दुसरी अडचण टेबलाची. दिवा वरून आल्यावर माझा पांढरा सनमायका उजळला आणि काचांच्या खालच्या भागात दिसू लागला, कारण काच मुळात खालीच बघते. त्यावर गडद निळी चादर घडी करून अंथरली, ती अजून आहे. उघडी पांढरी वहीही कॅमेऱ्यासमोर ठेवत नाही.

आता स्क्रीन. ती कॅमेऱ्याच्या खाली असते, म्हणजे काच जिथे बघते नेमकी तिथे. तिला बाजूला नेता येत नाही, कारण मला तिच्याकडे बघायचं असतं. तिथे कोन कामाला येत नाही, उजेडच कमी करावा लागतो, आणि तो चेहऱ्यावरच्या उजेडाच्या तुलनेत. कोटिंग नसलेली साधी काच प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश परत फेकते. पूर्ण ब्राइटनेसवरच्या पांढऱ्या स्क्रीनचे चार टक्के आणि अंधुक खोलीतला चेहरा यांचा उजेड जवळजवळ सारखा भरतो, म्हणून डोळे पुसल्यासारखे होतात. चेहऱ्यावरचा उजेड चौपट केला आणि स्क्रीन एक तृतीयांशावर आणली, तर तीच चमक चेहऱ्याच्या बाराव्या हिश्शावर येते. नुसती स्क्रीन मंद करून भागत नाही. अंधारात कॅमेरा आपोआप चित्र उजळवतो आणि त्यासोबत चमकही उजळवतो. आधी दिवा वाढवायचा, मग मॉनिटर उतरवायचा.

माझा मॉनिटर १०० वरून ३० वर आला. पहिल्या आठवड्यात स्क्रीन मळकट वाटली, मग नजर बसली. तपासायची सोपी रीत अशी: स्क्रीनवरचं कोरं पान आणि शेजारी धरलेला कोरा कागद सारखेच पांढरे दिसले पाहिजेत. स्क्रीन कागदापेक्षा काळपट वाटली तर डोळ्यांना ताण येतो, तेवढी उतरवू नका. डिजिटल फळाही मी गडद हिरवा केला. हा बदल ब्राइटनेसइतकाच मोलाचा ठरला. पाठ्यपुस्तकाचं पांढरं पान दाखवते तेव्हा चौकोन परत येतो, पण फिका, आणि डोळे दिसत राहतात.

दिवा मंद करायची वेळ आली आणि चित्रात आडवे पट्टे सरकू लागले, तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ५० हर्ट्झ निवडून बघा. माझे तेवढ्याने गेले. पावसाळ्यात ढगांमुळे खिडकीचा उजेड सतत बदलतो. पडदा लावून दिव्यावरच काम करणं बरं. गुरुवारी वीज गेली की मात्र सगळी मांडणी कोलमडते, इन्व्हर्टरवर माझी ट्यूबच आहे.

मध्ये चष्मा बदलला. नव्या काचांना ब्लू-कट कोटिंग आहे, आणि स्क्रीनची चमक निळसर जांभळी दिसू लागली, कारण ते कोटिंग निळा भाग परत फेकतं. मॉनिटर उबदार रंगावर ठेवल्यावर ती बरीच उतरली. कॅमेऱ्यासमोर बसणाऱ्याने साधं अँटी-रिफ्लेक्शन कोटिंग घेतलेलं बरं, असं माझं मत आहे.

माझ्या जाऊबाईंचा नंबर अधिक चारचा. त्यांच्या काचा बाहेरून जास्त फुगीर, म्हणून खोलीचा मोठा भाग त्यांत मावतो. त्यांच्यासाठी पंचेचाळीस अंश पुरले नाहीत. दिवा आणखी वर नेला तर सावली पडायची. शेवटी तो बाजूच्या पांढऱ्या भिंतीकडे वळवला आणि भिंतीचा परतलेला उजेड चेहऱ्यावर घेतला. काचेच्या कडेला एक फिकट पट्टा उरतो, बुबुळं मोकळी राहतात.