फेब्रुवारीच्या स्लिपवर 300 का नाहीत? रिझ्युमेच्या नादात मी कसा फसलो

लिहू का नको करत होतो, कारण यात माझीपण चूक आहे. पण गेल्या महिन्यात गावातला एक पोरगा खोटा रिझ्युमे बनवून देणाऱ्या त्याच टाइपच्या माणसाकडे जायला निघाला होता, म्हणून म्हटलं लिहूनच टाकूया.

मी चिपळूणचा. 2013 ते 2020 पुण्याकडे नोकरी केली, आधी भोसरीत एका मशीन शॉपला, मग चाकणला एका मोठ्या प्लांटमध्ये कॉन्ट्रॅक्टवर, शेवटी तळेगावला. लॉकडाऊनमध्ये सगळं गुंडाळून घरी आलो आणि फाइल, जुना लॅपटॉप, पेन ड्राइव्ह सगळं बाजारपेठेतल्या आमच्या खालच्या खोलीत ठेवलं. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी आलं तेव्हा त्या खोलीत छतापर्यंत पाणी होतं. ऑफर लेटर, रिलिव्हिंग लेटर, रिझ्युमे, सगळ्याचा चिखल झाला. मेलमध्ये असेल म्हणाल तर तो मेल आयडी कंपनीच्या नंबरवर काढलेला, तो नंबरच बंद. भोसरीचं शॉप तर 2017 लाच बंद पडलेलं, विचारणार कोणाला?

वाचलं काय तर आईचा पत्र्याचा डबा. पोटमाळ्यावर होता. मी दर महिन्याला घरी पैसे दिले की पगाराची स्लिपपण तिच्याकडे द्यायचो आणि ती त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला भिशीचा हिशोब लिहायची. अशा पंधरा स्लिपा निघाल्या. काहींची शाई दमटपणाने पसरलेली, काहींवर महिनाच वाचता येत नव्हता.

2022 च्या एप्रिलमध्ये पुन्हा पुण्याला गेलो. रिझ्युमे नाही आणि तारखा नीट आठवत नाहीत. रूमवरच्या एकाने पत्ता दिला, पिंपरीत चहाच्या टपरीवरच्या मजल्यावर एक 'कन्सल्टन्सी'. आत एक टेबल, दोन खुर्च्या, एक कलर प्रिंटर आणि 'सर'. गोड बोलायचा. पहिल्या दिवशी रिझ्युमेचे 2,500 घेतले आणि स्लिपा बघून म्हणाला, "हे असलं कुठे दाखवतोस, मागे कांदे-बटाट्याचे भाव लिहिलेत." मग म्हणाला दोन वर्षांची गॅप दिसली तर कोणी दारात उभं करणार नाही, आपण एक कंपनी टाकू, एक्सपिरियन्स लेटर आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या स्लिपा देतो, 12,000. मी विचारलं, "सर, पीएफमध्ये दिसणार नाही ना हे?" तर हसला. "पीएफ कोण बघतं रे, एवढा वेळ आहे का कुणाला?"

मी दिले पैसे. का दिले याचं खरं उत्तर हेच की मला घाई होती आणि तो 'सगळेच करतात' असं इतक्या सहज म्हणाला की मला आपणच बावळट वाटायला लागलो.

त्याने काय काय केलं ते सांगतो. चाकणच्या कॉन्ट्रॅक्टरचं नाव उडवून थेट प्लांटचं नाव टाकलं, जसा मी त्यांच्या रोलवरच होतो. क्यूसी इन्स्पेक्टरचा सीनियर क्वालिटी इंजिनिअर केला. 2020 ते 22 मध्ये एक कंपनी घुसवली जिच्या गेटवरपण मी कधी गेलो नाही. आणि माझ्या चार ओरिजिनल स्लिपा 'स्कॅनिंगला' ठेवून घेतल्या, त्या आजतागायत परत दिल्या नाहीत.

इंटरव्ह्यूत पास झालो, कारण काम मला येतं. गेज, व्हर्निअर, फर्स्ट पीस अप्रूव्हल, सगळं विचारलं, सगळं सांगितलं. मग एचआरच्या मॅडमनी कागद बघितले. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च 2022 च्या स्लिपा समोर ठेवल्या, फेब्रुवारीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "फेब्रुवारीला 30 दिवस भरले तुम्ही?" मी गप्प. "आणि प्रोफेशन टॅक्स 200 कसा? महाराष्ट्रात फेब्रुवारीला 300 कापतात." त्या सरांनी जानेवारीचीच स्लिप कॉपी करून नुसतं महिन्याचं नाव बदललेलं. मग त्यांनी पीएफच्या साइटवरची सर्व्हिस हिस्टरी मोबाइलवर उघडून दाखवायला सांगितली, त्यात एप्रिल 2020 नंतर काहीच नाही आणि चाकणच्या जागी कॉन्ट्रॅक्टरचं नाव. मॅडम ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की खोट्या कागदावर सही तुमची आहे, ज्याने बनवला त्याची नाही. फॉर्मखाली 'वरील माहिती खरी आहे' याच्यावर सही मीच केली होती ना.

सरांकडे गेलो पैसे मागायला तर म्हणाला जा पोलिसात, तुझेच कागद आहेत. चौकीत गेलोपण, तिथल्या हवालदारांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले लिहून देतोस तर दे, पण त्यात तू काय केलंस तेपण लिहावं लागेल. मी परत आलो. 14,500 गेले.

आता खरं सांगायचंय ते पुढचं. तळेगावच्या कंपनीत टाइम ऑफिसला एक काका होते, रिटायर झालेत, त्यांना फोन केला. त्यांनी मला डबा घेऊन घरी बोलावलं आणि दोन रविवारात जे झालं ते त्या सराला 14,500 देऊन झालं नाही.

काकांनी आधी स्लिपवरचा पीएफचा यूएएन नंबर शोधायला लावला. पासवर्ड विसरलेला, पण मोबाइल आधारला जोडलेला होता म्हणून ओटीपीवर रिसेट झाला. सर्व्हिस हिस्टरीत दोन नोंदी, चाकणचा कॉन्ट्रॅक्टर आणि तळेगाव, दोन्हीची जॉइनिंग तारीख सकट. भोसरी नाहीच. कारण यूएएन आला 2014 ला, माझा भोसरीचा पीएफ नंबर त्याच्या आधीचा आणि तो कधी जोडलाच गेला नाही. म्हणजे साइटवर दिसत नाही म्हणून नोकरी झालीच नाही असं नसतं, पण मग त्याला आधार फक्त स्लिपचा. आणि चाकणच्या कॉन्ट्रॅक्टरने बाहेर पडल्याची तारीख भरलीच नव्हती, म्हणून शेवटचा महिना पीएफच्या पासबुकात पैसे कधीपर्यंत जमा झाले त्यावरून धरला. इथे गोंधळ होतो बरं का, फेब्रुवारीच्या पगाराचे पैसे मार्चमध्ये जमा होतात, 15 तारखेपर्यंत. जमा झाल्याची तारीख बघून महिना धरलात तर एक महिना पुढे सरकता. कामाचा महिना बघायचा.

मग आल्या महिना न दिसणाऱ्या स्लिपा. एक उदाहरण सांगतो. एका स्लिपची वरची पट्टी पूर्ण पसरलेली, कंपनीचं नावपण नाही. वाचता येत होतं ते एवढं : हुद्दा क्यूसी इन्स्पेक्टर, बेसिक 9,500, ग्रॉस 16,800, पीएफ 1,140, ईएसआय 294, प्रोफेशन टॅक्स 300. मला हे सगळे नुसते आकडे. काकांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "300 म्हणजे फेब्रुवारी. महिना मिळाला." मग 294 ला 16,800 ने भागायला लावलं, आला 1.75 टक्के. कामगाराचा ईएसआय जुलै 2019 पासून 0.75 टक्के झाला, म्हणजे ही स्लिप त्याच्या आधीची. आणि ईएसआयची मर्यादा जानेवारी 2017 मध्ये 15,000 वरून 21,000 झाली, त्याआधी 16,800 वाल्याचा साधारण ईएसआय कापलाच जात नव्हता. उरले तीनच फेब्रुवारी, 2017, 18 आणि 19. पासबुक उघडलं. चाकणला असताना माझा हिस्सा कधीच 1,140 नव्हता, कमी होता. 1,140 चालू झाले ते तळेगावला, 2018 च्या मध्यापासून. म्हणजे फेब्रुवारी 2019, तळेगाव. झालं!

मी त्या काकांकडे बघतच बसलो. तेच 300 रुपये, ज्याच्यावरून मॅडमनी मला पकडलं होतं.

दुसऱ्या एका स्लिपवर हुद्दा ऑपरेटर, पीएफ तोच 1,140 आणि एक बारीक कपात, लेबर वेलफेअर 12 रुपये. ती तेव्हा वर्षातून दोनदाच कापायचे, जूनला आणि डिसेंबरला. जून का डिसेंबर? स्लिप उलटी केली तर आईच्या अक्षरात 'ताईच्या हॉलचे ॲडव्हान्स'. ताईचं लग्न मे 2019 ला, म्हणजे डिसेंबर 2018. म्हणजे डिसेंबरला मी ऑपरेटर होतो आणि फेब्रुवारीला क्यूसी इन्स्पेक्टर, माझं प्रमोशन नवीन वर्षात झालं. मला स्वतःला मी 2018 च्या दिवाळीला वर चढलो असंच वाटत होतं, कुठल्याही इंटरव्ह्यूत तसंच सांगितलं असतं. आठवणीवर तारखा लिहू नका, आधी कागद लावा आणि मग आठवण त्यात बसते का बघा.

काकांनी अजून एक गोष्ट करायला लावली ती म्हणजे बँकेतून जुनं स्टेटमेंट. पगार कोणी टाकला त्याचं नाव असतं त्यात. भोसरीचा पगार कॅश असायचा म्हणून तिथे उपयोग झाला नाही, पण चाकणचा झाला. इन्कम टॅक्सच्या साइटवरचा 26एएसपण बघितला तर कोरा, कारण माझ्या पगारावर कधी टीडीएसच कापला नाही. ज्यांचा कापला गेलाय त्यांना तिथे कंपनीचं नाव मिळेल.

मग रिझ्युमे लिहिला, एक पान. चाकणच्या ओळीत कॉन्ट्रॅक्टरचं नाव मालक म्हणून आणि पुढे 'कामाची जागा : चाकण प्लांट'. मला आधी लाज वाटायची कॉन्ट्रॅक्टर लिहायला, काका म्हणाले यात लाज कसली, पीएफ त्याच्याकडे कापला ना. भोसरीसमोर 2013 ते 2015 एवढंच, महिने नाहीत, खाली एक ओळ की कंपनी बंद, दोन स्लिपा उपलब्ध. आणि 2020 ते 22 समोर सरळ लिहिलं : लॉकडाऊन, गावी शेती आणि दुकान, जुलै 2021 च्या पुरात कागदपत्रं गेली. तिसऱ्या इंटरव्ह्यूत झालं काम. पगार त्या खोट्या रिझ्युमेत टाकला होता त्यापेक्षा कमी आहे, ते खरंय. इथल्या एचआरवाल्याने गॅपबद्दल एकच प्रश्न विचारला, "पाणी किती होतं हो घरात?" त्याचं आजोळ आमच्या चिपळूणजवळच्या खेर्डीला निघालं.

असा कोणी भेटलाच तर एक बघा. तो तुमच्या जुन्या स्लिपा वाचतो का नुसत्या बाजूला सारतो? माझ्या सराने पंधरा स्लिपांतली एकही सरळ धरून वाचली नव्हती. आणि ओरिजिनल हातातून सोडू नका, समोर बसून फोटो काढून द्या, यूएएनचा पासवर्ड आणि ओटीपी तर कुणालाच नाही.

त्या चार स्लिपा अजून त्याच्याकडेच आहेत. त्यातल्या दोन भोसरीच्या होत्या, 2015 च्या असाव्यात, नक्की कुठल्या महिन्याच्या ते आता सांगता येत नाही. आईला विचारलं मागे काय लिहिलं होतं आठवतं का, तर म्हणाली गणपतीच्या सामानाची यादी होती बहुतेक.