दिवा लागतो, पाणी कोमट, आणि बिल 3,400 रुपये: ‘कॉइल गेली’ म्हणणाऱ्याला आधी हे विचारा

पुण्याच्या पूर्वेकडच्या, बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या एका सोसायटीतला हा प्रकार. गिझर 15 लिटरचा, 2000 वॅटचा, सहा वर्षं वापरलेला. बटण दाबलं की दिवा लागायचा, पण अर्ध्या तासानेही पाणी कोमटच. मेकॅनिक आला, खालचं झाकण उघडलं, मल्टिमीटर लावला आणि म्हणाला, “बघा काकू, झिरो दाखवतोय. कॉइल गेली. तिच्यामुळे थर्मोस्टॅटपण बसलाय.” सगळं दुकानात न्यावं लागेल म्हणून दोन्ही पार्ट काढून घेऊन गेला आणि संध्याकाळी परत बसवून गेला. बिलात कॉइल 1,450, थर्मोस्टॅट 850, केमिकल सर्व्हिस 700 आणि व्हिजिट 400 असे मिळून 3,400 रुपये. पाणी मात्र कडकडीत तापू लागलं, त्यामुळे कुणाला शंका येण्याचं कारणच नव्हतं.

तीन आठवड्यांनी गिझरच्या खालून थेंब पडू लागले. दुसऱ्या माणसाने कॉइल धरून ठेवणारा खालचा फ्लँज उघडला तेव्हा जुनंच, चपटं झालेलं रबरी गॅस्केट परत दाबून बसवलेलं निघालं. कॉइलच्या फ्लँजवर ठोकलेला महिना-वर्षाचा शिक्का गिझरच्या प्लेटवरच्या महिन्याशी जुळत होता. म्हणजे कॉइल कंपनीतून आलेली, पहिलीच. थर्मोस्टॅटच्या एका टर्मिनलजवळ जुना करपल्याचा डाग तसाच होता. नवीन काहीच बसवलेलं नव्हतं. दुकानात कॉइल ॲसिडमध्ये बुडवून, घासून, चकाचक करून आणली होती, आणि मुळात तेवढंच करायची गरज होती.

आता तो ‘झिरो’. काकूंनी मुलाला पाठवायला मीटरचा फोटो काढून ठेवला होता, म्हणून हे कळलं. फोटोत मीटरचा डायल 20k वर आहे आणि आकडा 0.02. चांगल्या 2000 वॅटच्या कॉइलचा रेझिस्टन्स 26 ओहमच्या आसपास असतो (230 चा वर्ग भागिले 2000). तो 20k च्या रेंजवर मोजला तर 0.02 किंवा 0.03 असाच दिसणार. 200k वर ठेवला तर सरळ 00.0. हाच मीटर 200 ओहमवर आणला असता तर 26 च्या आगेमागे आकडा आला असता. कॉइल आतून तुटलेली असेल तर मीटर शून्य दाखवतच नाही. डावीकडे नुसता 1 किंवा OL येतो, म्हणजे वाटच बंद. तेव्हा ‘झिरो आला म्हणजे कॉइल मेली’ हे वाक्य ऐकलं की डायल कुठे आहे ते बघायचं. आणि मोजताना कॉइलच्या दोन्ही वायरी काढलेल्या हव्यात, नाहीतर तुम्ही कॉइलबरोबर इंडिकेटर आणि बाकीचं वायरिंगही मोजताय.

थर्मोस्टॅटचा खेळ याहून सोपा असतो. नॉब सगळ्यात कमीवर फिरवून दोन टर्मिनलवर मीटर लावला की बीप येत नाही, कारण त्या जागी त्याचे कॉन्टॅक्ट बहुतेक वेळा उघडेच असतात. गिझर नुकताच तापलेला असेल तरी तेच होतं. ते बिघाडाचं लक्षण नाही, त्याचं कामच ते आहे. थंड पाणी भरलेलं असताना, नॉब पूर्ण वर करून, वायर काढून मोजायचं. तेव्हा बीप नाही आली तर तो गेला म्हणायचा. बऱ्याच गिझरमध्ये शेजारी वेगळा सेफ्टी कटआउट असतो, त्यावर एक बारीक बटण असतं. पाणी फार तापलं की ते बाहेर येतं आणि पुरवठा तुटतो. ते नुसतं दाबून नवीन थर्मोस्टॅटचे पैसे लावणारेही आहेत. अर्थात कटआउट उडाला असेल तर का उडाला ते शोधलंच पाहिजे, नुसतं दाबून मोकळं होणं तेवढंच वाईट.

मेकॅनिकला बोलवायच्या आधी, काहीही न उघडता, घरच्या घरी कॉइल, थर्मोस्टॅट आणि क्षार हे तिन्ही बिघाड बऱ्यापैकी वेगळे करता येतात. त्यासाठी आधी दिवा कुठला आहे ते ठरवावं लागतं. पाणी गार असताना बटण चालू करा आणि नॉब सगळ्यात खाली आणा. दिवा विझला तर तो थर्मोस्टॅटच्या पुढे जोडलेला आहे, म्हणजे तापवण्याचा दिवा. तसाच राहिला तर तो बहुधा फक्त वीज आल्याचं सांगतो आणि त्याच्याकडून पुढचं काही कळणार नाही. तापवण्याचा दिवाही कॉइलला समांतर जोडलेला असतो. कॉइलच्या टोकांपर्यंत व्होल्टेज पोचलं एवढंच तो सांगतो, कॉइलमधून करंट जातोय की नाही हे त्याला माहीत नसतं. म्हणून तुटलेल्या कॉइलवरही तो दिमाखात जळत राहतो.

करंट जातोय का हे घरातला वीज मीटर सांगतो. फ्रीज, पंखे, सगळं बंद करून फक्त गिझर चालू ठेवा आणि मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा एक मिनिट मोजा. शेजारी imp/kWh चा, म्हणजे एका युनिटला किती लुकलुका याचा, आकडा छापलेला असतो. तो 3200 असेल तर 2000 वॅटच्या गिझरला मिनिटाला साधारण 106 लुकलुका, 1600 असेल तर 53. व्होल्टेज कमी असेल तर आकडा घटतो, कारण 180 व्होल्टवर हाच गिझर जेमतेम 1200 वॅट खेचतो. तसं असेल तर पाणी उशिरा तापण्याचं कारण तिथेच सापडलं, गिझर उघडायलाच नको.

तापवण्याचा दिवा जळतोय आणि मीटर जवळजवळ थांबलाय, हे दोन्ही एकत्र दिसलं तर कॉइल तुटली आहे किंवा तिच्या टर्मिनलची वायर जळून सुटली आहे. अशा वेळी दिवा कधीच विझत नाही, तासभर वाट बघितली तरी. पाणीही खरं तर कोमट होत नाही. नळाला येतं तसंच राहतं, फक्त गच्चीवरची टाकी उन्हात तापलेली असते म्हणून ते कोमट वाटतं. गार पाण्याचा नळ आणि गिझरचा नळ, दोन्हींखाली हात धरून बघा. फरक नसेल तर कॉइलचा संशय रास्त आहे.

मीटर पूर्ण वेगाने धावतोय, पण दिवा पाच मिनिटांतच विझतो, तेव्हा कॉइल ठणठणीत आहे. 15 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 वर न्यायला 2000 वॅटला वीस मिनिटांच्या आसपास लागतात. पाच मिनिटांत ते जेमतेम दहा अंश चढतं, म्हणजे 35. तेच ते कोमट. काकूंच्या घरात नेमकं हेच होत होतं. दिवा लवकर विझत होता, त्यामुळे कॉइल नवी घालण्याचा प्रश्नच नव्हता.

आता लवकर तोडणारा थर्मोस्टॅट खराब आहे की त्याला क्षार फसवताहेत? लोकांना वाटतं, कॉइलवर खपली चढली की कॉइल कमी तापते. तसं नाही. ती तेवढीच वीज खेचते, पण उष्णता पाण्यात जायला वेळ लागतो आणि ती खपलीतच कोंडते. थर्मोस्टॅटची दांडी ज्या नळीत बसते ती कॉइलच्या अगदी शेजारी असते. दोघींच्या मधल्या फटीत क्षारांचा पूल तयार झाला की दांडीला कॉइलचा चटका थेट बसतो आणि टाकी गार असतानाच थर्मोस्टॅट तोडतो. ओळखायचं असं: दिवा विझल्यावर पाणी अजिबात न काढता थांबा. कोंडलेली उष्णता पाण्यात उतरली की दांडी निवते आणि काही मिनिटांत दिवा परत लागतो, परत विझतो. असं चालू-बंद होत राहिलं, सोबत आतून सूं-सूं किंवा खडखड ऐकू आली, तर क्षार. थर्मोस्टॅटच चुकीच्या तापमानाला तोडत असेल तर एकदा विझलेला दिवा बराच वेळ विझलेलाच राहतो, कारण पाणी गार व्हायला तास लागतात.

खात्री हवी असेल तर मेकॅनिकसमोर एक चाचणी करून घ्या. बटणावर विसंबू नका, आधी एमसीबी पाडा आणि टेस्टरने दोन्ही टर्मिनल तपासा. नळी कोरडी असते, त्यामुळे दांडी ओढून काढताना पाणी सांडत नाही. नॉब पूर्ण वर करून फक्त दांडी मगातल्या पाण्यात बुडवा, शेजारी स्वयंपाकघरातला थर्मामीटर ठेवा आणि वरून उकळतं पाणी हळूहळू ओतत जा. वरच्या भागाला पाणी लागू देऊ नका. साधारण सत्तरीपर्यंत टर्मिनलवर लावलेल्या मल्टिमीटरची बीप चालू राहिली तर थर्मोस्टॅट चांगला. चाळिशीतच बंद पडली तर बदला.

क्षार निघाले तर पाणी पूर्ण काढून फ्लँज खोलावा लागतो. कॉइल सायट्रिक ॲसिडच्या कोमट पाण्यात भिजवली की खपली मऊ होऊन सुटते. बाथरूम धुण्याचं तीव्र ॲसिड वापरलं तर काम झटपट होतं, पण ते कॉइलचं तांब्याचं आवरणही खातं. टाकीच्या आत काचेचा लेप असेल तर लोखंडी पट्टीने खरवडू देऊ नका, लेप उडाला की तिथूनच गंज धरतो. टाकीला गंजापासून वाचवणारा मॅग्नेशियमचा रॉड झिजून बारीक तार उरली असेल तर तो याच वेळी बदला. गॅस्केट मात्र दर वेळी नवं, ते काही महाग नसतं. टाकी भरून नळाला अखंड धार आल्याशिवाय वीज चालू करायची नाही, कोरडी कॉइल बघता बघता जळते.

पार्ट बदलला असं जो सांगेल त्याच्याकडून जुना पार्ट ताब्यात घ्या आणि फ्लँजवरच्या शिक्क्याचा फोटो आधी व नंतर, दोन्ही वेळा काढा. कॉइलला टाकीपेक्षा वेगळी वॉरंटी असू शकते, म्हणून खर्च करण्याआधी कार्ड बघा. वाद झाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहे. या प्रकरणात तिथवर जावं लागलं नाही. मीटरचा फोटो आणि शिक्का समोर ठेवल्यावर कॉइल आणि थर्मोस्टॅटचे 2,300 रुपये परत आले. व्हिजिटचे आणि केमिकल सर्व्हिसचे त्याने ठेवून घेतले, आणि ते मागण्यात अर्थही नव्हता, कारण बिलातलं तेवढं काम त्याने खरंच केलं होतं.