व्होल्टेज मोड की पॉवर फॅक्टर मोड? आधी फेझर आकृती काढून बघा

जनरेटर ग्रिडला जोडायची वेळ आली की एव्हीआरच्या, म्हणजे फील्ड करंट आपोआप कमी-जास्त करणाऱ्या रेग्युलेटरच्या, सेटिंगवर चर्चा अडते. व्होल्टेज मोडमध्ये थोडा ड्रूप लावून, म्हणजे मेगाव्हार वाढतील तसं व्होल्टेज थोडं उतरू देऊन चालवायचा, की पॉवर फॅक्टर मोडमध्ये टाकून ०.९५ लॅगिंग देऊन मोकळं व्हायचं? 'मागच्या मशीनला होतं तेच ठेवा' हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की आता मी सरळ कागद पुढे ओढतो आणि बाण काढायला लागतो.

समजा १० एमव्हीए, ११ किलोव्होल्टचं मशीन आहे आणि टर्बाइन ८ मेगावॅट देतंय. सिंक्रोनस रिअ‍ॅक्टन्स १.५ पर युनिट, म्हणजे रेटेड किमतीला १ मानून १.५. आर्मेचरचा रोध सोडून देऊ.

टर्मिनल व्होल्टेज V हा १ लांबीचा आडवा बाण. त्याच्या टोकापासून रिअ‍ॅक्टन्समधला ड्रॉप jXI काढायचा. तो करंटच्या ९० अंश पुढे असतो. सुरुवातीच्या बिंदूपासून या ड्रॉपच्या टोकापर्यंतचा बाण म्हणजे E, फील्डने आत निर्माण केलेलं व्होल्टेज. फील्ड करंट वाढवला की E लांबतो. E आणि V यांच्यातला कोन म्हणजे लोड अँगल.

आता खरी गंमत. मजबूत ग्रिडवर V आपल्या हातात नसतो, आणि वाफेचा व्हॉल्व्ह हलवला नाही तर ८ मेगावॅटही तेवढेच राहतात. E च्या टोकाची V च्या रेषेपासूनची उंची XP/V इतकी, म्हणजे आपल्या मशीनला १.५ × ०.८ = १.२. मेगावॅट बदलत नाहीत, म्हणून ही उंची बदलत नाही. एक्सायटेशनने E चं टोक फक्त एका आडव्या रेषेवर डावी-उजवीकडे सरकतं. टोक V च्या टोकाच्या बरोबर वर असेल तर पॉवर फॅक्टर १. उजवीकडे गेलं तर मशीन रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर देतंय, डावीकडे गेलं तर घेतंय.

| एक्सायटेशन | E | लोड अँगल | मेगाव्हार | स्टेटर करंट |
|---|---|---|---|---|
| जास्त | २.२५ | ३२° | ६ दिले | ५२५ अँपिअर |
| मधलं | १.५६ | ५०° | ० | ४२० अँपिअर |
| कमी | १.२६ | ७२° | ४ घेतले | ४७० अँपिअर |

तिन्ही ओळींत मेगावॅट ८ आणि व्होल्टेज ११ किलोव्होल्टच आहे. स्टेटर करंट मात्र दोन्ही बाजूंना वाढतो, त्यामुळे नुसता अँमीटर बघून एक्सायटेशन जास्त की कमी हे कळत नाही. मेगाव्हार मीटरच बघावा लागतो. उजवीकडे रोटर तापतो. डावीकडे प्रश्न जास्त नाजूक: E १.२ वर आला की कोन ९० अंशांचा होतो आणि मशीन सिंक्रोनिझम सोडण्याच्या काठावर येतं. प्रत्यक्षात स्टेटरच्या टोकांचा गाभा तापू नये आणि स्थिरतेला जागा उरावी म्हणून अंडर-एक्सायटेशन लिमिटर त्याच्या बराच आधी अडवतो.

ग्रिड सुटली की हीच आकृती वेगळी वागते. V ला धरून ठेवणारं कोणी नाही, आणि करंट V च्या किती अंश मागे राहणार हे लोड ठरवतं. E दहा टक्के वाढवा. गव्हर्नरने वेग राखला आणि लोड साधा इम्पीडन्स असेल, तर सगळी आकृती फोटो मोठा करावा तशी वाढते. व्होल्टेज ११ चं १२.१ किलोव्होल्ट होतं, करंट दहा टक्के वाढतो, पॉवर २१ टक्के. कोन एकही बदलत नाही. म्हणजे पॉवर फॅक्टरही नाही. (लोखंड सॅच्युरेशनमध्ये असल्यामुळे फील्ड करंट दहा टक्क्यांपेक्षा जास्त लागेल, पण मुद्दा तोच.)

दोन मोडची तुलना इथून सुरू होते. पॉवर फॅक्टर मोडचं गृहीतक असं की फील्ड हलवलं की पॉवर फॅक्टर हलतो. ग्रिडवर ते खरं आहे, आयलंडमध्ये, म्हणजे ग्रिड सुटून मशीन एकटं लोड सांभाळत असताना, नाही.

हे मी एका कारखान्यात डोळ्यांनी पाहिलंय. आमचं मशीन ०.९५ लॅगिंगवर शांतपणे चाललं होतं. लांबच्या सबस्टेशनमधला फीडर ब्रेकर उघडला आणि कारखान्याचं लोड आमच्या एकट्यावर आलं. मेगावॅट जवळपास जुळत होते, त्यामुळे फ्रिक्वेन्सी फारशी हलली नाही. पण लोडचा पॉवर फॅक्टर होता ०.८२. एव्हीआरला वाटलं, मेगाव्हार फार जातायत, एक्सायटेशन कमी करा. व्होल्टेज उतरलं, पॉवर फॅक्टर नावापुरता सुधारला, म्हणून त्याने आणखी कमी केलं. ११ चं १०.६, मग १०.१, मग मोटारींचे कॉन्टॅक्टर सुटायला लागले आणि अंडरव्होल्टेज रिले पडला. ऑपरेटर गव्हर्नरकडे बघत बसला होता, बिचाऱ्याला दुसरं सुचणार तरी काय? लोडचा पॉवर फॅक्टर ०.९५ पेक्षा चांगला असता तर हीच गोष्ट उलटी घडून व्होल्टेज वर पळालं असतं.

मग हा मोड वाईट का? नाही. मोठ्या ग्रिडच्या शेपटाला छोटं मशीन असेल, तर व्होल्टेज आपल्याने हलत नाही. तिथे व्होल्टेज मोडचं मशीन ग्रिडच्या प्रत्येक चढउतारामागे धावतं. आपल्या मशीनला ६ मेगाव्हारवर ४ टक्के ड्रूप लावला असेल आणि ग्रिड २ टक्क्यांनी उतरली, तर ३ मेगाव्हार जास्त द्यावे लागतात. ग्रिड तेवढीच चढली की टोक डावीकडे सरकतं आणि कोन वाढतो. अशा जागी मी पॉवर फॅक्टर मोडच निवडतो.

लाइन लांब आणि कमकुवत असेल, किंवा आपलं मशीनच त्या भागात मोठं असेल, तर निर्णय फिरतो. व्होल्टेज चढलेलं असतानाही पॉवर फॅक्टर मोड मेगाव्हार ढकलत राहतो आणि शेजारच्यांचं व्होल्टेज आणखी चढवतो. तिथे व्होल्टेज मोडच हवा. एकाच बसबारवर दोन मशीन थेट जोडलेली असतील तर ड्रूप विसरू नका, नाहीतर सेटिंगमधल्या अर्ध्या टक्क्याच्या फरकावरून एक मशीन मेगाव्हार देतं आणि दुसरं तेच गिळतं.

आयलंड होण्याची शक्यता असूनही पॉवर फॅक्टर मोड हवाच असेल, तर ब्रेकर उघडताच एव्हीआर व्होल्टेज मोडला गेला पाहिजे. बहुतेक पॅनेलमध्ये ही सोय असते, पण कॉन्टॅक्ट आपल्याच जनरेटर ब्रेकरचा घेतलेला असतो. आमच्याकडे तो ब्रेकर शेवटपर्यंत बंदच होता, म्हणून मोड बदललाच नाही. नंतर आम्ही इनकमर ब्रेकरचा कॉन्टॅक्ट जोडला, लांबच्या ब्रेकरसाठी ग्रिड सुटल्याचं ओळखणारा रिले लावला आणि व्होल्टेज ५ टक्क्यांबाहेर गेलं की पॉवर फॅक्टरची लूप सोडून द्यायची, अशी मर्यादा एव्हीआरमध्ये घातली.