लेस गालावरच तुटली

बहिणीचं लग्न परभणीला झालं. आजीसोबतचा तिचा एकच धड फोटो, आणि त्यात नेमके हिचे डोळे मिटलेले. पुढच्याच फोटोत डोळे उघडे, पण आजीनं मान वळवलेली. आजी दिवाळीआधी गेली, म्हणून हिचे डोळे उघडे करून घेऊन फोटो मोठा करून लावायचं ठरलं. नांदेडच्या एका एडिटिंगवाल्यानं अडीच हजार सांगितले. "ॲपचं काम नाही भाऊ, सगळं हातानं करतो." दीड हजार आधीच दिले.

व्हॉट्सॲपवर आलेला नमुना मोबाईलवर झकास दिसला, मी लगेच उरलेले पैसेही टाकले. 12 बाय 18 चा प्रिंट पाहून आई म्हणाली, "अरे, ओढणी कुठं गेली हिची?"

ओढणी जाळीची, सोनेरी लेसची. वाऱ्यानं तिची कड डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यावरून गालावर आली होती. प्रिंटमध्ये लेस कपाळापाशी ठीक, गालावर विरघळलेली आणि हनुवटीखाली पुन्हा उगवलेली. गालावर तिची सावलीच नव्हती. नथीचे मोती एकमेकांत वितळलेले, आणि आजीच्या सुरकुत्या स्पष्ट असताना हिचा गाल मेणासारखा.

मी लेयरवाली फाइल मागितली. त्यानं फोटोशॉपची पीएसडी पाठवली, तिच्यात लेयर एकच, म्हणजे हातकामाचा मागमूस नाही! मग फोन बंद.

आमच्या गल्लीतल्या जुन्या फोटोग्राफर काकांनी बघताक्षणी ओळखलं, हा फेस-स्वॅप, प्रोग्रॅमनं अख्खा चेहराच बदललेला. फेस-स्वॅपचे बरेच प्रोग्रॅम चेहरा 128 बाय 128 पिक्सेलच्या चौकोनात बनवतात आणि ताणून बसवतात. आमच्या प्रिंटमध्ये चेहरा दोन इंचांचा, म्हणजे 300 डीपीआयला 600 पिक्सेल. म्हणून तो मेणचट. वरून आलेलं कापड वेगळं काढलं नाही, तर प्रोग्रॅम तेही चेहराच समजून पुसतो.

काका म्हणाले, "डोळे मिटलेत ना? मग तोंड कशाला बदलायचं?" त्यांनी पुढच्या फोटोतले फक्त डोळे आणि पापण्या घेतल्या, उजेड तोच, हिची मानही तशीच. उजवा डोळा दहा मिनिटांत बसला. डावा जाळीखालचा, त्यात दुपार गेली. नवा डोळा खाली, त्यावर मूळ फोटोची प्रत, आणि तिच्यावर मास्क लावून फक्त लेस आणि जाळीचे धागे उघडे ठेवले. धागे कातडीपेक्षा उजळ होते म्हणून फोटोशॉपच्या Blend If नं गडद भाग गाळता आला. तरी डोळ्याच्या पांढऱ्या भागावर धागे हातानंच रंगवावे लागले. सावली वेगळ्या लेयरवर, खालचं गडद करणाऱ्या Multiply मध्ये. जाड पदरानं डोळा झाकला असता तर हे काम घेतलंच नसतं, असंही ते म्हणाले.

कुणाला असं काम देणार असाल तर शेवटचे पैसे देण्याआधी पूर्ण आकाराची फाइल मागा, 100 टक्क्यांवर उघडा आणि ओढणीची कड या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटानं चाचपत न्या. मी फक्त डोळे बघितले होते.

फोटो आता बैठकीत आहे. लेसची एक टिकली मध्येच नाही, पण ती लग्नातच गळाली होती.