रेस्पिरेटरी फिजिऑलॉजीचा चौदा दिवसांचा रिव्हिजन प्लॅन: सात महिने वापरल्यावर

एका सीनिअरने हा प्लॅन दिला त्याला सात महिने झाले. इंटर्नल, प्रिलिम आणि फायनल असा तीनदा मी तो पूर्ण केला. रोज तीन तास. पहिले तीन दिवस मेकॅनिक्स, चौथा-पाचवा व्हेंटिलेशन-परफ्यूजन, सहावा डिफ्यूजन, सातव्या दिवशी स्वतःच स्वतःची परीक्षा, आठवा-नववा ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडचं वहन, दहावा श्वसनाचं नियंत्रण, अकरावा हाय अल्टिट्यूड, बाकी जुने पेपर. आधी एकदा विषय वाचून झालेला असेल तरच हे जमतं. कोरी पाटी घेऊन बसलात तर तिसऱ्या दिवशीच गाडी अडकते.

सगळ्यात चांगली सवय म्हणजे दिवसाची सुरुवात कोऱ्या कागदाने करायची. पुस्तक बंद, दहा मिनिटं, कालची आकृती आठवून काढायची. ऑक्सिजन डिसोसिएशन कर्व्ह मला येतो असं मी समजत होतो. कागदावर काढला तर एस-आकार झकास, पण अक्षांवर आकडेच नाहीत. आता चार बिंदू हमखास मांडतो: 27 मिमी एचजीला 50 टक्के, 40 ला 75, 60 ला 90 आणि 100 ला साधारण 97. पुढचं सगळं या चार बिंदूंवर चालतं.

आता तक्रार. प्लॅनचा क्रम चुकलाय आणि तो मला व्हायवात भोवला. प्रश्न साधा होता: व्हेंटिलेशन-परफ्यूजन बिघडलेल्या पेशंटचा ऑक्सिजन कमी होतो, पण कार्बन डायऑक्साइड बऱ्याचदा नॉर्मल का राहतो? मी ठोकून दिलं, ‘कार्बन डायऑक्साइड वीसपट वेगाने डिफ्यूज होतो म्हणून.’ परीक्षकांनी नुसतं विचारलं, ‘ज्या अल्व्हिओलसमध्ये हवाच पोचत नाही, तिथे डिफ्यूजन वेगवान असून काय उपयोग?’ मी गप्प.

खरं उत्तर त्या कर्व्हच्या आकारात आहे, आणि प्लॅनमध्ये कर्व्ह येतो आठव्या दिवशी, मिसमॅच चौथ्या. म्हणून दुसऱ्या वेळी मी अदलाबदल केली: आधी वहन, मग व्हेंटिलेशन-परफ्यूजन. आणि एक उदाहरण स्वतः सोडवलं. हिशोब सोपा व्हावा म्हणून मुद्दाम टोकाचं घेतलं: निम्मं रक्त चांगल्या अल्व्हिओलायमधून, निम्मं पूर्ण बंद असलेल्यांमधून. हिमोग्लोबिन 15 ग्रॅम धरलं तर चांगल्या बाजूने 100 मिली रक्तात साधारण 20 मिली ऑक्सिजन येतो. बंद बाजूचं रक्त शिरेतल्यासारखंच राहतं, म्हणजे 15 मिली. मिसळल्यावर 17.5. सॅच्युरेशन 87 टक्क्यांच्या आसपास, म्हणून दाब सुमारे 55. इथे बहुतेक जण 100 आणि 40 ची सरासरी काढून 70 लिहितात. मीही लिहिलं होतं. सरासरी प्रमाणाची निघते, दाबाची नाही; दाब नंतर कर्व्हवरून वाचायचा.

आता पेशंट जोरात श्वास घेऊ लागला. चांगल्या बाजूचा दाब 100 वरून 130 झाला तरी तिथलं हिमोग्लोबिन आधीच जवळपास भरलेलं. 20 चे फार तर 20.3 होतील. कर्व्हचा तो भाग सपाट आहे ना. बंद बाजूची तूट भरून निघतच नाही.

कार्बन डायऑक्साइडचा कर्व्ह मात्र या टप्प्यात जवळपास सरळ रेषा. शिरेच्या रक्तात 52 मिली, धमनीत 48 धरा. चांगल्या बाजूने जास्त हवा खेळवून तिथलं प्रमाण 44 वर आणलं की 44 आणि 52 ची सरासरी पुन्हा 48. हिशोब जुळला! अर्थात हा पहिल्या क्षणाचा हिशोब. पुढे शिरेतल्या रक्ताचा ऑक्सिजनही घटतो, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा 55 च्याही खाली जाईल. आणि पेशंट थकून श्वास वाढवू शकला नाही, तर कार्बन डायऑक्साइडही चढतो.

सातव्या दिवशीच्या परीक्षेत मी आता एकच प्रकार ठेवतो: दोन आकडे द्यायचे, कारण ओळखायचं. समुद्रसपाटीला, साध्या हवेवर अल्व्हिओलसमधला ऑक्सिजन म्हणजे 150 वजा PaCO2 भागिले 0.8. PaCO2 80 आणि PaO2 45 असेल तर अल्व्हिओलसमध्ये 50, फरक फक्त 5, म्हणजे फुप्फुस ठीक, श्वासच कमी पडतोय. PaCO2 32 आणि PaO2 60 असेल तर अल्व्हिओलसमध्ये 110, फरक 50, म्हणजे दोष फुप्फुसातच. भागाकाराऐवजी गुणाकार केला की सगळं उलटं पडतं. माझं दोनदा पडलंय.

मेकॅनिक्सला तीन दिवस जास्तच आहेत, दोन पुरतात. वाचलेला दिवस मी नियंत्रणाला दिला, कारण सेंट्रल आणि पेरिफेरल केमोरिसेप्टर एका दिवसात माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळतात. चौदाव्या दिवशी ‘संपूर्ण सिलॅबस नजरेखालून’ असं लिहिलंय, ते मी एकदाही केलं नाही. त्या दिवशी फक्त चुकांची वही उघडतो. तिच्या पहिल्या पानावर अजून ‘वीसपट डिफ्यूजन’ लाल पेनाने खोडलेलं आहे.