मुलाचा ताप-खोकला: अँटिबायोटिक, एक्स-रे की घरचीच काळजी?

औषध ‘स्ट्राँग’ हवं की नको, हे बहुतेक घरांत तापाचा आकडा, खोकल्याचा आवाज आणि शेंबडाचा रंग पाहून ठरतं. या तिन्हींवरून न्यूमोनिया ओळखता येत नाही. साध्या विषाणूच्या सर्दीतही ताप १०३ पर्यंत जातो. शेंबूड तिसऱ्या-चौथ्या दिवशी हिरवट होतो तो शरीराच्या स्वतःच्या पांढऱ्या पेशींमुळे. त्यावरून जंतू कोणते, ते कळत नाही. घरी करता येण्याजोगी सगळ्यात उपयोगी तपासणी फुकट आहे: मिनिटभर श्वास मोजणं.

मूल शांत किंवा झोपलेलं असताना सदरा वर करा आणि पोट-छाती किती वेळा वर येते ते पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण लहान मुलांचा श्वास एका लयीत चालत नाही. रडताना किंवा दूध पिताना घेतलेली मोजणी धरू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने २ महिने ते १ वर्षापर्यंत ५० किंवा त्याहून जास्त, आणि १ ते ५ वर्षांत ४० किंवा त्याहून जास्त म्हणजे श्वास जलद. ३ महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ ताप असेल तर मोजत बसू नका, सरळ डॉक्टरांकडे न्या.

ही मोजणी म्हणजे एक्स-रे नसलेल्यांची तडजोड, असं वाटत असेल तर गडचिरोलीचा अनुभव पाहा. अभय आणि राणी बंग यांच्या पथकाने तिथल्या गावांत आरोग्यसेवक आणि सुईणींना न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवलं. बालमृत्यू घटल्याचा त्यांचा अभ्यास १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ज्यांना आकडे मोजता येत नाहीत त्यांच्यासाठी मण्यांचं मोजणीयंत्रही तिथेच तयार झालं.

आता एक उदाहरण घेऊ. मुलगी अडीच वर्षांची, वजन १२ किलो. तिसरा दिवस, ताप १०२.५, खोकला, नाक वाहतंय. श्वास मोजला तर ४४. इथेच घाई होते. तापानेही श्वास वाढतो, म्हणून पॅरासिटामॉल देऊन तासाभराने पुन्हा मोजायचं. आता ३२ आला, मुलगी खेळायला लागली, पाणी मागतेय. हा घरच्या काळजीचा मामला. अँटिबायोटिक नको, छातीचा फोटो म्हणजे एक्स-रेही नको.

समजा ताप उतरूनही श्वास ४६ च आहे, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातोय. मग त्याच दिवशी डॉक्टर. छातीत शिट्टीसारखा आवाज असेल तर ते बहुधा आधी श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉलची वाफ देऊन पुन्हा मोजतील, कारण विषाणूमुळे श्वासनलिका आवळल्या तरी श्वास जलद होतो आणि त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. वाफेनंतरही श्वास जलदच राहिला तर न्यूमोनिया धरून सहसा अमॉक्सिसिलिन देतात: किलोमागे ४० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, म्हणजे या मुलीला दर वेळी सुमारे ५०० मिलिग्रॅम. हा हिशेब चिठ्ठी वाचता यावी म्हणून दिला आहे, दुकानातून स्वतः आणण्यासाठी नाही. ‘जास्त जोराचं’ म्हणून अझिथ्रोमायसिन मागण्यातही अर्थ नाही. या वयात न्यूमोनिया करणाऱ्या नेहमीच्या जंतूवर अमॉक्सिसिलिनचाच भरवसा जास्त.

‘मागच्या वेळी अँटिबायोटिक दिलं आणि दुसऱ्या दिवशी ताप गेला’ हा अनुभव खरा असतो, पण त्याचा अर्थ चुकतो. विषाणूचा ताप बहुधा तीन-चार दिवसांत आपोआप उतरतो. आपण कंटाळून औषध सुरू करतो तेही तिसऱ्या-चौथ्या दिवशी. श्रेय बाटलीला जातं, आणि जुलाब, अंगावर पुरळ मुलाच्या वाट्याला. खोकला मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळतो. ताप नसेल, खाणं-खेळणं नीट असेल, तर त्यात बिघडलेलं काही नाही.

एक्स-रेचा किरणोत्सर्ग अगदी थोडा असतो, त्यामुळे भीती हे तो टाळण्याचं कारण नव्हे. कारण असं की घरी उपचार घेऊ शकणाऱ्या मुलात तो निर्णय फारसा बदलत नाही. फोटोवरचा डाग विषाणूचा की जिवाणूचा, हे खात्रीने सांगता येत नाही, आणि न्यूमोनियाच्या सुरुवातीला फोटो स्वच्छही येऊ शकतो. उलट एखादी पुसट सावली दिसली की नको असलेलं अँटिबायोटिक सुरू होतं.

फोटो हवा तो वेगळ्या प्रश्नांसाठी. रक्तातला ऑक्सिजन कमी आहे किंवा दाखल करावं लागतंय. अँटिबायोटिक सुरू करून ४८ ते ७२ तास झाले तरी ताप हटत नाही, तेव्हा छातीत पाणी किंवा पू झालाय का ते पाहायला. घरात टीबीचा रुग्ण आहे आणि मुलाचा खोकला दोन आठवड्यांवर गेला, वजन घटतंय. आणखी एक: खेळता-खेळता अचानक ठसका लागून सुरू झालेला खोकला. शेंगदाणा किंवा फुटाणा श्वासनलिकेत अडकला तर तो फोटोत दिसत नाही आणि फोटो साधाच येऊ शकतो. म्हणून ठसक्याची गोष्ट डॉक्टरांना मुद्दाम सांगा. दुर्बिणीने तपासायचं की नाही हे त्यावर ठरतं. न्यूमोनिया बरा झाल्यावर ‘डाग गेला का’ म्हणून पुन्हा फोटो सहसा लागत नाही. मूल ठणठणीत झालं तरी सावली काही आठवडे राहते.

घरच्या काळजीत सगळ्यात मोठी चूक होते ती पॅरासिटामॉलच्या बाटलीत. ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम आणि २५० मिलिग्रॅम, अशी दोन्ही सिरप दुकानात मिळतात. किलोमागे १५ मिलिग्रॅम धरले तर आपल्या १२ किलोच्या मुलीला १२० वाल्यातून साडेसात मिलिलिटर लागतं, २५० वाल्यातून साडेतीन. बाटली बदलली आणि माप तेच ठेवलं तर दुपटीहून जास्त औषध पोटात जातं. बाळांचे थेंब याहूनही दाट असतात. दोन डोसांत निदान चार-सहा तास, आणि दिवसात चारपेक्षा जास्त डोस नकोत.

खोकल्याला एक वर्षानंतर झोपताना अर्धा ते एक चमचा मध चालतो. वर्षाच्या आत अजिबात नाही, कारण त्यातून बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. दोन वर्षांखालील मुलांना खोकल्याचं सिरप देऊ नये आणि पाचपर्यंतही शक्यतो टाळावं, असं केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा बजावलं. नाकात सलाइनचे थेंब, थोडं-थोडं पातळ अन्न, अंगावरचं दूध चालू, एवढं पुरतं. ओव्याची धुरी आजीने कितीही मायेने दिली तरी धूर तो धूरच, त्याने श्वासनलिका आणखी चिडतात. कापराची पुरचुंडीही बाळाच्या हाती लागेल अशी ठेवू नका. कापूर पोटात गेला तर आकडी येते.

मूल काहीच पीत नाही, प्यायलेलं सगळं उलटून टाकतं, उठवूनही नीट जागं होत नाही, आकडी आली, ओठ निळसर झाले किंवा शांत असतानाही श्वास आत घेताना घशातून आवाज येतो, यातलं एकही दिसलं तर मोजणी सोडा आणि जिथे ऑक्सिजनची सोय आहे अशा दवाखान्यात तडक न्या. ताप जाऊन एक-दोन दिवसांनी पुन्हा चढला किंवा सलग तीन दिवसांनंतरही तसाच राहिला, तर दाखवून घ्या. पावसाळ्यात अशा वेळी छातीबरोबर डेंग्यू-मलेरियाचाही विचार करावा लागतो.