बकाबका खाऊन ओकणारं मांजर: खाणं वाटून द्यावं, आप्पेपात्र वापरावं की चाटायची मॅट?

आमचा बोका गण्या 4 किलोचा, नसबंदी झालेला. त्याला दिवसाला 56 ग्रॅम कोरडं खाणं लागायचं, ते आम्ही सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला निम्मं निम्मं द्यायचो. सकाळची वाटी तो मिनिटभरात फस्त करायचा आणि दहा मिनिटांत पलंगाखाली तेच दाणे जवळपास अख्खे, ओलसर, नळीच्या आकारात पडलेले दिसायचे. आठवड्यातून दोन-तीनदा असं व्हायचं, आणि बहुतेक सकाळीच. रात्रभराचा चौदा तासांचा उपास आणि शेजारच्या वाटीवर बसलेली आमची दुसरी मांजर चिमी, दोन्ही त्याला घाई करायला लावत होते.

उपाय निवडण्याआधी मांजर नेमकं काय करतंय ते पाहा. पोट आत-बाहेर न हलता, मान खाली घालून खाणं सहज बाहेर आलं आणि ते न पचलेलं असेल, तर अन्न बहुधा पोटात नीट स्थिरावलंच नव्हतं. घाईघाईने खाणाऱ्या मांजरांचं बऱ्याचदा असं होतं, आणि खाण्याचा वेग कमी करण्याचा उपयोग इथेच जास्त होतो. पोट आवळून, आवाज काढत केलेली, पिवळ्या पाण्याची किंवा जेवणानंतर काही तासांनी झालेली उलटी वेगळी. तिथे वाटी बदलत बसू नका. वजन उतरत असेल, उलटीत रक्त असेल किंवा मांजर मलूल असेल तर आधी डॉक्टर. दहा वर्षांपुढचं मांजर सारखं खा-खा करतंय आणि तरी वाळतंय, असं दिसलं तर थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्याच.

माझ्या मते पहिला मान खाणं वाटून देण्याला. मांजराची मूळची सवय दिवसभरात उंदीर-पाखरांसारखे अनेक लहान घास खाण्याची. एका वेळी 28 ऐवजी 11 ग्रॅमच समोर आलं, तर घाई करूनही पोटावर ताण येत नाही. आम्ही 56 ग्रॅमचे पाच भाग केले. तीन हाताने देतो, आणि आम्ही कामावर असताना दोन भाग वेळ लावलेल्या डब्यातून मिळतात. रोजचे भाग स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजा, नाहीतर 'थोडंसं' पाच वेळा देऊन मांजर जाड होतं. दोन मांजरं असतील तर हा डबा धाकदपटशा करणाऱ्याच्या ताब्यात जातो, ही त्याची मोठी उणीव.

ज्यांना पाच वेळा देणं शक्य नाही त्यांच्यासाठी आप्पेपात्र. हळू खाण्यासाठी बाजारात मिळणाऱ्या उंचवट्यांच्या वाट्या बऱ्याचदा कुत्र्यांच्या तोंडाच्या मापाने बनवलेल्या असतात. पर्शियनसारख्या चपट्या तोंडाच्या मांजराला त्यातले दाणे काढताच येत नाहीत. आप्पेपात्राच्या प्रत्येक खळग्यात चार-पाच दाणे टाकले की मांजराला जागा बदलत खावं लागतं. पात्र जड असल्याने सरकतही नाही. फक्त लेप उडालेलं जुनं नॉनस्टिक नको. चपट्या तोंडाच्या मांजरासाठी खळग्यांपेक्षा मोठ्या ताटात किंवा परातीत पसरलेले दाणे सोपे.

ओलं खाणं खाणाऱ्या मांजराला चाटायची मॅट सगळ्यात हळू खायला लावते, कारण खाणं तिच्या खाचांत फासलेलं असतं आणि घास उचलताच येत नाही. पण ती नीट घासावी लागते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ओलं खाणं तासाभरापेक्षा जास्त उघडं ठेवू नये. रबरी मॅट चावून तुकडे गिळणाऱ्या मांजराला ती लक्ष ठेवल्याशिवाय देऊ नका.

दाणे सांडणारा चेंडू मला घाबरट किंवा नव्या घरात आलेल्या मांजरासाठी पटत नाही. ढकलून दाणे मिळतात हे कळेपर्यंत काही मांजरं खाणंच सोडतात, आणि दीड-दोन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः जाड मांजराच्या, यकृतात चरबी साठून ते गंभीर आजारी पडू शकतं. म्हणून कुठलंही नवं भांडं सुरू केलं की पहिले काही दिवस अर्धं खाणं जुन्या वाटीतच द्या आणि किती उरलं ते तोला.

घरात दुसरं मांजर असेल तर या सगळ्याआधी दोघांना वेगळ्या खोल्यांत खायला घाला. गण्याच्या बाबतीत आम्ही एकेक बदल दोन-दोन आठवडे करून कॅलेंडरवर खुणा केल्या. दार बंद करून खाऊ घातल्यावर ओकणं आठवड्यातून एकदावर आलं. पाच भाग आणि सकाळच्या भागाला आप्पेपात्र सुरू केल्यावर जवळपास थांबलं. त्यानंतरच्या दोन महिन्यांत दोन खुणा आहेत, आणि त्या दोन्ही दिवशी पाहुण्यांनी प्रेमाने चिमीची वाटी त्याच्या शेजारी ठेवली होती.